दोन तासांचा हिशेब

स्टीमवर गेम घेतला, थोडा खेळलो, आवडला नाही, तर पैसे परत मिळतात का? मिळतात. खरेदीला १४ दिवस पूर्ण झालेले नसावेत आणि गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा, एवढ्याच अटी. कारण काहीही चालतं. गेम कॉम्प्युटरला झेपला नाही किंवा नुसता कंटाळवाणा वाटला, तरी हरकत नाही. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने हा नियम जून २०१५ मध्ये आणला. अडचण येते ती हे दोन तास मोजले कसे जातात, ते ठाऊक नसल्यामुळे.

स्टीम मोजतं ते गेम चालू असल्याचा वेळ. तुम्ही खेळताय की नाही, हे त्याला कळत नाही. रिक्षा सिग्नलला अडकली तरी मीटर पडतच राहतं, तसंच इथेही आहे. मेनू उघडा ठेवून जेवायला गेलात, ग्राफिक्सच्या सेटिंगशी अर्धा तास झटापट केलीत, तर तो सगळा वेळ खात्यात जमा होतो. ऑगस्ट २०२० मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ आला, तेव्हा याचा मोठा फटका बसला. त्या गेमचा बहुतेक भाग स्टीममधून उतरत नव्हता. आधी गेम सुरू करायचा आणि मग त्याच्या आतूनच शंभर जीबीच्या आसपासचा मजकूर डाउनलोड करायचा, अशी रचना होती. साध्या इंटरनेटवर विमान धावपट्टीवर येण्याआधीच दोन तास उलटून जायचे. म्हणून नवा गेम पहिल्यांदा उघडताना तो स्वतःचं वेगळं डाउनलोड सुरू करतोय का, हे बघावं. स्टीमच्या लायब्ररीत गेमच्या पानावर खेळलेला वेळ दिसतो. त्यावर नजर ठेवावी.

आगाऊ नोंदणी, म्हणजे प्री-ऑर्डर केली असेल, तर गेम बाजारात येईपर्यंत ती केव्हाही रद्द करता येते. चार महिन्यांपूर्वी पैसे भरलेले असले तरी चालतं, कारण १४ दिवसांची मोजणी पैसे भरल्यापासून नव्हे, तर गेम प्रकाशित झाल्यापासून सुरू होते. मात्र आजकाल महागड्या आवृत्तीसोबत ‘अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅक्सेस’ देतात, म्हणजे इतरांच्या तीन-चार दिवस आधी खेळायला मिळतं. पूर्वी या दिवसांतला खेळ दोन तासांत धरला जात नसे. काहीजण अख्खा गेम संपवून पैसे परत मागू शकत. एप्रिल २०२४ मध्ये व्हॉल्व्हने ही फट बुजवली.

एक उदाहरण घेऊ. गेम २० नोव्हेंबरला येणार आहे आणि तुम्हाला १७ तारखेपासूनच खेळता येतंय. त्या तीन दिवसांत तुम्ही दीड तास खेळलात. १४ दिवस २० तारखेपासूनच मोजले जातील, म्हणजे ४ डिसेंबरच्या आसपासपर्यंत मुदत आहे. पण खेळायला उरला फक्त अर्धा तास. आधीच्या तीन दिवसांतच दोन तास ओलांडलेत, तर तारखेची मुदत शिल्लक असूनही तिचा उपयोग नाही. दोन्ही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत.

अर्ज करायला help.steampowered.com वर जाऊन Purchases मध्ये आपला गेम निवडायचा आणि परताव्याचा पर्याय घ्यायचा. पैसे स्टीमच्या वॉलेटमध्ये हवेत की ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने, हे तिथेच विचारतात. वॉलेटमधली रक्कम स्टीमवरच खर्च करता येते, म्हणून हा पर्याय नीट बघून निवडावा. मर्यादा थोडी ओलांडली असेल तरी अर्ज करता येतो. मंजुरी मिळेलच असं मात्र नाही. गेम घेतला आणि चारच दिवसांत त्यावर सवलत लागली, तर परत करून कमी किमतीत पुन्हा घ्यायलाही स्टीमची हरकत नसते. दुसऱ्या साइटवरून विकत घेतलेल्या कीला मात्र यातलं काहीच लागू होत नाही.

या सवलतीची किंमत छोटे गेम बनवणारे मोजतात, हे मला खटकतं. ‘समर ऑफ ५८’ हा भयपटासारखा गेम दोन तासांच्या आत संपतो. लोक तो पूर्ण खेळून, चांगला अभिप्राय लिहून पैसे परत घेत होते, असं सांगून त्याच्या निर्मात्याने २०२१ मध्ये गेम बनवणं अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचं जाहीर केलं. गेमच्या लांबीप्रमाणे मर्यादा ठरवणं अवघड आहे, तरी सरसकट दोन तास हा मोठ्या गेमच्या मापाने बेतलेला नियम आहे.

दुकान बदललं की नियमही बदलतो. प्लेस्टेशनवर खेळलेला वेळ मोजतच नाहीत. तिथे डाउनलोड सुरू केलं, की १४ दिवसांच्या आतही परतावा मिळत नाही. अपवाद फक्त सदोष गेमचा. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ इतका बिघडलेला आला, की सोनीने तो दुकानातून काढला आणि खेळलेल्यांनाही पूर्ण पैसे देऊ केले. प्लेस्टेशनवर गेम येण्याला १४ दिवसही उरले नसताना प्री-ऑर्डर करणार असाल, तर आपोआप डाउनलोड होण्याची सोय आधी बंद करा. नाहीतर तुम्ही झोपेत असताना डाउनलोड सुरू होईल आणि परताव्याचा हक्क जाईल.