दोन पावलांत शून्य : डेडबीट नियंत्रकाची रचना आणि त्याची किंमत

रुळावरची गाडी, घर्षण नगण्य मानले तर, मोटरीच्या बलाने थेट त्वरण मिळवते. त्वरणातून वेग साठतो आणि वेगातून स्थान बदलते. हेच काम सततच्या, म्हणजे अॅनालॉग, रेषीय नियंत्रकाकडे दिले तर चूक घातांकी गतीने घटत राहते, कितीही लहान झाली तरी पूर्ण शून्य होत नाही. संगणक मात्र ठरावीक अंतराने, समजा दर T सेकंदांनी, मोजमाप घेतो आणि पुढचे मोजमाप येईपर्यंत मोटरीला एकच आज्ञा देऊन ठेवतो. अशा सुट्या काळात मर्यादित पावलांत चूक अगदी शून्य करणे शक्य होते, आणि तसे करणाऱ्या नियंत्रकाला डेडबीट नियंत्रक म्हणतात.

गाडीची अवस्था दोन संख्यांत मावते : लक्ष्यापासूनचे अंतर x आणि वेग v. म्हणून दोन पावले, म्हणजे त्वरणाच्या दोन आज्ञा, पुरतात. पहिली u0 आणि दुसरी u1 अशा निवडायच्या की दुसऱ्या पावलाअखेर अंतर आणि वेग दोन्ही शून्य व्हावेत. या दोन अटी मांडल्या की दोन अज्ञातांची दोन समीकरणे मिळतात :

```
v + T(u0 + u1) = 0
x + 2Tv + T²(1.5·u0 + 0.5·u1) = 0
```

पहिल्यातून u1 काढून दुसऱ्यात घातले की u0 सुटतो, आणि हाच नियम प्रत्येक पावलाला ताज्या मोजमापावर लावला की नियंत्रक तयार होतो :

```
u = -( x/T² + 1.5·v/T )
```

बंद मंडलाच्या वैशिष्ट्य-समीकरणाची दोन्ही मुळे या नियमाने शून्यावर येतात, त्यामुळे केली-हॅमिल्टन प्रमेयानुसार त्या मंडलाच्या सारणीचा वर्गच शून्य होतो. मर्यादित काळात थांबण्याचे सगळे रहस्य एवढ्यातच आहे.

गाडी लक्ष्यापासून १० सेंटीमीटर दूर, स्तब्ध उभी आहे आणि T ०.१ सेकंद आहे असे धरावे. पहिली आज्ञा उणे १० मीटर प्रति सेकंद वर्ग निघते, ०.१ सेकंदाने गाडी ५ सेंटीमीटरवर असते आणि वेग उणे १ मीटर प्रति सेकंद असतो. तोच नियम आता अधिक १० सांगतो, आणि ०.२ सेकंदाला गाडी लक्ष्यावर निश्चल उभी राहते. स्थान आणि वेग दोन्ही शून्य झाल्याने पुढे दोन मोजमापांच्या मधल्या काळातही ती हलत नाही. केवळ मोजलेले स्थान शून्य करून समाधान मानणाऱ्या रचनेत ही खात्री नसते, तिथे नमुन्यांच्या फटीत लपलेली थरथर राहू शकते.

किंमत सूत्राच्या छेदातच दिसते. T निम्मा केला की वेळ निम्मा होतो, पण त्वरण चौपट लागते, T ०.०१ सेकंदावर आणला तर त्याच १० सेंटीमीटरसाठी १००० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे शंभरपट, आज्ञा निघते. मोजमापातील १ मिलिमीटरची चूकसुद्धा तेव्हा १० एककांचा धक्का बनून मोटरीपर्यंत पोचते. मोटर जास्तीत जास्त २ एकके देऊ शकत असेल आणि T ०.१ असेल, तर नियंत्रक आज्ञा करत राहतो आणि मोटर कमाल मर्यादेवर अडते. हिशेब केला तर गाडी लक्ष्य ओलांडून २ सेंटीमीटर पलीकडे जाते आणि दोनऐवजी सात पावलांनी थांबते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे, कारण ती सहसा दिसत नाही. गाडी धरल्यापेक्षा हलकी निघाली आणि प्रत्यक्ष त्वरण २० टक्के अधिक मिळाले, तर मंडलाचे एक मूळ सुमारे उणे ०.६९ वर सरकते : आता चूक प्रत्येक पावलाला चिन्ह बदलते, जेमतेम एक तृतीयांश घटते, आणि एक टक्क्यावर यायला डझनभर पावले लागतात. त्वरण एक तृतीयांशाहून अधिक वाढले की मंडल अस्थिर होते. म्हणून आज्ञांच्या नोंदीत पावलागणिक अधिक-उणे उड्या दिसू लागल्या, तर आधी प्रतिमानातील वस्तुमान तपासावे.

आज्ञेची किंमत T च्या वर्गाने वाढत असल्याने T हा संगणकाच्या वेगावरून नव्हे, मोटरीच्या ताकदीवरून ठरवणे शहाणपणाचे. मर्यादा ५ एककांची असेल तर १० सेंटीमीटरसाठी T किमान ०.१४ सेकंदाच्या आसपास हवा, ०.१५ घेतला तर कमाल आज्ञा सुमारे ४.४ राहते आणि गाडी ०.३ सेकंदात थांबते. ०.१४ च्या त्या सीमेवर हा नियम पूर्ण जोराने हाकणे आणि पूर्ण जोराने रोखणे, या सर्वांत वेगवान पद्धतीशीच जुळतो. मात्र ०.१५ ला एका उडीत सुमारे ११ सेंटीमीटरच झेपतात, म्हणून त्याहून लांबचे लक्ष्य गाडीला तेवढ्या-तेवढ्या तुकड्यांत, दर दोन पावलांनी एक याप्रमाणे द्यावे लागते.