रेझ्युमे नेमका अडतो कुठे?

चाकणच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आणि त्याच्या क्वालिटी विभागात चार वर्षं काम केलेला एक मेकॅनिकल इंजिनिअर. हा तरुण या लेखापुरता उभा केलेला नमुना आहे, पण त्याच्यासारखे रेझ्युमे पुणे, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कुठल्याही एचआरच्या संगणकात ढिगाने सापडतील. त्याने दोन महिन्यांत चाळीस अर्ज केले आणि एकही फोन आला नाही. मग त्याने मित्राकडून नवा टेम्प्लेट घेतला, फोटो बदलला, अक्षरांचा रंग निळा केला आणि आणखी वीस अर्ज केले. फोन तरीही आला नाही.

एवढ्या खटपटीतून त्याच्या हाती माहिती काहीच लागली नाही. रेझ्युमे कोणी उघडलाच नाही, की उघडून लगेच बंद केला, हे त्याला कळलं नव्हतं. या दोन दुखण्यांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

शिवाय फोन मोजून निदान करायला फार वेळ लागतो. दर वीस अर्जांमागे सरासरी एक फोन आणण्याइतका एखादा रेझ्युमे बरा आहे असं धरलं, तरी पहिल्या वीस अर्जांत एकही फोन न येण्याची शक्यता ३६ टक्के निघते. चाळीस अर्जांनंतरही ती १३ टक्के उरते. म्हणजे चांगला रेझ्युमेही निव्वळ योगायोगाने महिनाभर मुका राहू शकतो, आणि वाईट रेझ्युमेला एखादा फोन येऊन आपलं बरं चाललंय असं वाटू शकतं. त्यामुळे फोनच्या आधीच्या खुणा वाचायला हव्यात.

भारतात अशा खुणा सहज मिळतात. संजीव बिखचंदानी यांच्या इन्फो एज कंपनीने १९९७ मध्ये सुरू केलेल्या नोकरी डॉट कॉमवर उमेदवाराला दोन आकडे दिसतात. पहिला `Search Appearances`, म्हणजे रिक्रूटरच्या शोधात आपलं नाव किती वेळा आलं. दुसरा `Recruiter Actions`, म्हणजे नाव दिसल्यावर रिक्रूटरने प्रोफाइल उघडण्यासारखी काही हालचाल किती वेळा केली. बरेच उमेदवार हे आकडे बघतात आणि सोडून देतात. खरं तर रोग्याची नाडी इथेच लागते. पहिला आकडा लहान असेल तर दुखणं कीवर्डमध्ये किंवा चाळण्यांमध्ये असतं. पहिला मोठा आणि दुसरा लहान असेल तर हेडलाइनमध्ये. दोन्ही बरे असून फोन नसेल, तर रेझ्युमे उघडल्यावर पहिल्या पानाचा वरचा भाग वाचणाऱ्याला परतवून लावतो आहे, किंवा पगाराची अपेक्षा अन् नोटीस पिरियड आड येतो आहे.

हे का, ते रिक्रूटरच्या बाजूने पाहिलं की उलगडतं. नोकरी डॉट कॉमच्या ‘रेसडेक्स’ नावाच्या साठ्यात रिक्रूटर स्वतःच शब्द टाईप करून शोध घेतो. सप्लायर क्वालिटीचा माणूस हवा असेल, तर तो साधारण असं लिहील:

```
"quality engineer" AND PPAP AND ("IATF 16949" OR "TS 16949")
```

त्यावर तो अनुभवाची वर्षं, शहर, पगार आणि नोटीस पिरियडच्या चाळण्या लावतो. जे नाव या जाळीत अडकत नाही, ते त्याच्यापुरतं अस्तित्वातच नसतं. त्याने नाकारलेलं नसतं, त्याला ते दिसलेलंच नसतं. संगणकच पाऊणहिस्सा अर्ज परस्पर फेकून देतो, असा एक आकडा सर्रास सांगितला जातो, पण त्यामागे धड अभ्यास सापडत नाही. अर्ज भरताना विचारलेल्या ‘पात्र आहात का’ छापाच्या प्रश्नांवर आपोआप गळती होते हे खरं. एरवी शोधणारा माणूसच असतो, फक्त तो शब्दांनी शोधतो.

आपल्या इंजिनिअरच्या वहीत पहिल्या आठवड्याची नोंद अशी: शोधात ११ वेळा, हालचाल शून्य. पहिलाच आकडा लहान, तेव्हा हेडलाइनला हात लावण्याआधी कीवर्ड तपासायचे.

त्याआधीही दोन मिनिटांची एक चाचणी असते. रेझ्युमेची पीडीएफ उघडायची, `Ctrl+A` आणि `Ctrl+C` करायचं, आणि सगळं नोटपॅडमध्ये चिकटवायचं. सॉफ्टवेअरला रेझ्युमे साधारण असाच दिसतो. दोन रकान्यांचा सुंदर टेम्प्लेट इथे उघडा पडतो, कारण डावीकडची कौशल्यं उजवीकडच्या अनुभवात घुसतात. पानाच्या हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर कधी कधी गायब होतो. काही फाँटांमध्ये f आणि i ही अक्षरं जोडून छापली जातात आणि मजकूर उचलताना गळून पडतात, मग `certified` चं `certied` होतं आणि तो शब्द शोधात कधीच सापडत नाही. रेझ्युमे स्कॅन केलेला असेल तर नोटपॅड कोरंच राहतं. या तरुणाच्या नव्या निळ्या टेम्प्लेटमध्ये कौशल्यांचा चौकोन हे चित्र होतं, त्यातला एकही शब्द नोटपॅडवर उतरला नाही. त्याने एका रकान्याचा साधा वर्ड मसुदा पुन्हा घेतला.

आता कीवर्ड. ते मनाने ठरवायचे नसतात, जाहिरातींतून मोजायचे असतात. त्याने आपल्याला खरोखर हव्या असलेल्या पदाच्या दहा जाहिराती घेतल्या आणि कोणता शब्द कितींमध्ये येतो, त्याच्या काड्या मारल्या. पीपीएपी आठ जाहिरातींत होतं, एट-डी सातांत, आयएटीएफ १६९४९ सातांत, सीएमएम तीनांत, एसएपी दोनांत. मग स्वतःच्या रेझ्युमेत एकेक शब्द `Ctrl+F` ने शोधला. पहिल्या तिन्हींपैकी एकही सापडला नाही.

गंमत अशी की ही कामं तो रोज करत होता. नवा सुटा भाग चालू करण्याआधी ग्राहकाची मंजुरी मिळवण्याची जी कागदपत्रांची फाईल असते, तिलाच पीपीएपी म्हणतात, आणि पुरवठादारांच्या अशा फायली तोच तपासत असे. ग्राहकाची तक्रार आली की तिचं मूळ आठ टप्प्यांनी शोधायची पद्धत म्हणजे एट-डी, तीही त्याच्याच टेबलावर येई. पण रेझ्युमेत त्याने लिहिलं होतं:

```
Handled quality related documentation as per customer requirement
```

या ओळीत काम आहे, पण कामाचं नाव नाही. इथे बहुतेकांची फसगत होते. कारखान्यात जो शब्द तोंडी दिवसातून दहा वेळा येतो, तो कागदावर लिहिताना साधा वाटतो आणि त्याच्या जागी भारदस्त वाटणारी मोघम इंग्रजी येते.

हुद्द्याचंही तसंच. कंपनीच्या पत्रावर तो ‘असोसिएट, ग्रेड ई-२’ होता, आणि असं काही कोणीही शोधत नाही. म्हणून हुद्दा बदलून लिहावा का? अजिबात नाही. नोकरी लागताना मागचा हुद्दा पडताळला जातो आणि तिथे खोटं उघडं पडतं. अधिकृत हुद्दा तसाच ठेवून पुढे कंसात कामाचं स्वरूप लिहिलं की दोन्ही साधतं. शहराचं नावही एक कीवर्डच आहे. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये. शोधणारा कोणतं नाव टाईप करील याचा नेम नाही, म्हणून तिथल्या माणसाने जुनं आणि नवं दोन्ही एकदा लिहावं. आयएटीएफच्या मानकानेही २०१६ मध्ये टीएस १६९४९ ची जागा घेतली, पण जुनी सवय असलेले रिक्रूटर अजून जुनं नाव टाकतात.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत पन्नास कीवर्ड लपवायचा सल्लाही मिळतो. तो ऐकू नये. मजकूर उचलला की ते शब्द सगळ्यांना दिसतात, आणि जे काम केलेलंच नाही त्यावर मुलाखतीत पहिला प्रश्न येतो.

या चाचणीत एक सापळा आहे. प्रोफाइलमध्ये काहीही बदललं की ती ताजी ठरते, आणि अलीकडे सक्रिय असलेल्यांनाच निवडणाऱ्या रिक्रूटरला ती जास्त दिसू लागते. मग वाढ कीवर्डमुळे झाली की ताजेपणामुळे? यावर उपाय सोपा आहे. आधी एक आठवडा फक्त एखादा पूर्णविराम टाकून प्रोफाइल जतन करायची आणि आकडा लिहून ठेवायचा. आपल्या तरुणाचा आकडा पूर्णविरामाने ११ वरून १५ झाला. पुढच्या आठवड्यात कीवर्ड घातल्यावर तो ५२ झाला. एवढा फरक ताजेपणाचा नव्हे. हालचाल मात्र एकच होती.

म्हणजे नाव आता यादीत येत होतं, पण त्यावर बोट पडत नव्हतं. आता पाळी हेडलाइनची. नोकरी डॉट कॉमवर तिला २५० अक्षरांची मर्यादा आहे, पण लांबलचक यादी सरकवत जाणाऱ्याचा डोळा सुरुवातीच्या चार-सहा शब्दांवरच ठरतो. त्याची हेडलाइन होती:

```
Sincere and hardworking engineer seeking a challenging position in a reputed organization
```

हे वाक्य रसायनशास्त्रज्ञालाही चालेल आणि लिफ्ट बसवणाऱ्यालाही. हेडलाइनची कसोटी हीच: ती उचलून दुसऱ्या विभागातल्या मित्राच्या नावाखाली ठेवली आणि खपून गेली, तर ती निकामी. नवी अशी झाली:

```
Supplier Quality Engineer | 4 yrs, auto components | PPAP, 8D, IATF 16949 internal auditor | Pune
```

त्या आठवड्यात दुसरं काहीही बदललं नाही. शोधातला आकडा ५५, म्हणजे जवळपास तोच. हालचाली एकावरून सहा. सहा हा आकडा लहानच आहे, म्हणून त्याने आणखी एक आठवडा थांबून पाहिलं, तेव्हा पाच आल्या. दोन आठवडे एकाच दिशेने बोलले, तेव्हा हेडलाइन तशीच ठेवली.

उघडणारे अकरा झाले, तरी फोन एकही नव्हता. आता उरला पानाचा वरचा तिसरा भाग. अमेरिकेतल्या द लॅडर्स या नोकरीविषयक कंपनीने २०१२ मध्ये तीस रिक्रूटरांच्या नजरेचा माग घेतला, तेव्हा पहिल्या चाळणीत एका रेझ्युमेला सुमारे सहा सेकंद मिळतात असं दिसलं. २०१८ च्या पाहणीत ते ७.४ झाले. त्यांतला बहुतेक वेळ नाव, सध्याचं आणि आधीचं पद अन् कंपनी, त्यांच्या तारखा आणि शिक्षण एवढ्यावरच गेला. पाहणी त्या कंपनीची स्वतःची आणि लहान आहे, त्यामुळे सेकंदांचा हट्ट धरू नये. नजर कुठे जाते, हे मात्र उपयोगी पडतं.

आपल्या तरुणाच्या पानावर तिथे काय होतं? ठळक अक्षरांत ‘करिक्युलम व्हिटे’, पिनकोडसकट घरचा पत्ता, तीन ओळींचं ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ आणि मग दहावीपासूनच्या टक्क्यांचा तक्ता. चार वर्षांचं काम पानाच्या तळाशी सुरू होत होतं.

इथली चाचणी माणसावर करायची. त्याने बँकेत काम करणाऱ्या आतेबहिणीला पानाचा वरचा भाग दहा सेकंद दाखवला, झाकला आणि विचारलं: मी काय काम करतो, किती वर्षं, कुठल्या धंद्यात? ती म्हणाली, “इंजिनिअर आहेस. आणि दहावीला ८९ टक्के.”

पत्ता जाऊन फक्त शहर राहिलं, ऑब्जेक्टिव्ह गेलं, टक्क्यांचा तक्ता दुसऱ्या पानावर गेला. नावाखाली नवी हेडलाइन, तिच्याखाली कामाच्या तीन ओळी आणि लगेच सध्याची नोकरी. त्या तीन ओळींसाठी तो स्वतःच्या नोंदवहीत शिरला आणि सहा पुरवठादारांच्या बावीस भागांची पीपीएपी मंजुरी मोजून काढली. आतेबहिणीला पुन्हा दाखवलं. पीपीएपी म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं, पण बाहेरून येणारे गाड्यांचे भाग तपासतोस, चार वर्षं, हे तिने न अडखळता सांगितलं.

पुढच्या पंधरवड्यात दोन फोन आले. त्यातल्या एकाने पहिल्याच वाक्यात नोटीस पिरियड विचारला, नव्वद दिवस ऐकल्यावर जागा महिन्याभरात भरायची आहे असं सांगितलं आणि फोन ठेवला. तेही वहीत उतरलं, वेगळ्या रकान्यात, कारण ते दुखणं रेझ्युमेचं नव्हतं.