दहा बदामांचं दूध

माझ्या भाचीच्या पाच वर्षांच्या मुलाला दुधाची ॲलर्जी असल्याचं तपासणीत निघालं. दूध बंद झालं आणि त्याच्या जागी बदामाचं दूध आलं. रोज रात्री दहा बदाम भिजत घालायचे, सकाळी सालं काढून वाटायचे, गाळायचे आणि पेलाभर पांढरंशुभ्र दूध त्याच्या हातात द्यायचं. तिची माया खरीच, पण हिशेब करून बघू या. दहा बदामांचं वजन साधारण 12 ग्रॅम. त्यात प्रथिनं जेमतेम अडीच ग्रॅम आणि कॅल्शियम सुमारे 30 मिलिग्रॅम. चोथा गाळून टाकला की तेवढंही उरत नाही. गाईच्या दुधाच्या 200 मिलीच्या पेल्यात मात्र सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिनं आणि 240 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. मूल पूर्वी असे दोन पेले प्यायचं. या वयाला दिवसाला साधारण 16 ग्रॅम प्रथिनं आणि 550 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, म्हणजे त्यातला मोठा वाटा दुधातूनच मिळत होता. बदामाच्या पेल्याने ही जागा भरली आहे असं घरात सगळ्यांना वाटत होतं. रंग पांढरा, पेला तोच, मग शंका कोण घेणार?

बाजारातलं पाकीटही फार वेगळं नसतं. बदामाच्या पेयात बदाम बहुधा शेकडा दोन-तीन टक्केच असतात, बाकी पाणी. प्रथिनं 100 मिलीला अर्धा ते एक ग्रॅम. ओटचं पेयही त्याच पट्टीतलं, आणि तांदळाचं त्याहून पातळ. तांदळात आर्सेनिक उतरण्याचा प्रश्न असल्यामुळे ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना दुधाऐवजी तांदळाचं पेय देऊ नका, असं सरकारी सल्ल्यातच सांगितलं आहे. प्रथिनांच्या बाबतीत दुधाशी बरोबरी करतं ते सोयाबीनचं पेय: 100 मिलीला तीन ग्रॅमच्या आसपास, आणि प्रथिनांची प्रतही चांगली. अर्थात सोयाबीनचीही ॲलर्जी असू शकते, म्हणून ॲलर्जीच्या मुलाला ते डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं.

कॅल्शियमची गोष्ट निराळी आहे. सोयाबीन असो की बदाम, पेयात मुळातलं कॅल्शियम थोडंच उतरतं. पाकिटावर दुधाइतका आकडा दिसतो तो कारखान्यात मिसळलेल्या कॅल्शियम कार्बोनेटचा किंवा कॅल्शियम फॉस्फेटचा. म्हणून घटकांच्या यादीत यांपैकी काही आहे का, ते आधी बघावं. नसेल, तर ते पेय कॅल्शियमसाठी दुधाच्या जागी बसत नाही. घरी केलेल्या सोयाबीनच्या दुधालाही हेच लागू. शिवाय ही भुकटी पाण्यात नीट विरघळत नाही, हळूहळू तळाशी बसते. भाचीच्या घरी पुढे आणलेलं पाकीट संपल्यावर मी कात्रीने कापून बघितलं, तर तळाला खडूसारखा पांढरा थर होता. त्या मुलाच्या वाट्याचं कॅल्शियम पाकिटातच राहिलं होतं. दर वेळी ओतण्याआधी पाकीट चांगलं खळखळून हलवायला हवं.

आता साखर. आपल्याकडच्या लेबलवर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे दोन आकडे वेगळे असतात. साध्या दुधात 100 मिलीला जवळजवळ पाच ग्रॅम साखर दिसेल, पण ती दुधातलीच, लॅक्टोज नावाची. वरून घातलेली शून्य. गोड बदाम पेयाच्या पाकिटावर एकूण साखर तेवढीच असू शकते, पण ती जवळजवळ सगळी वरून घातलेली असते.

फसगत होते ती ओटच्या पेयात. घरी ओट्स वाटून गाळा आणि ते पाणी तापवा: खळीसारखं घट्ट होतं आणि गोड मुळीच लागत नाही. पाकिटातलं पेय तापवलं तरी पातळ राहतं आणि गोडसर लागतं. कारण कारखान्यात विकरं घालून ओटमधला स्टार्च तोडतात आणि त्यातून माल्टोज ही साखर तयार होते. चमच्याने कुणी साखर टाकलेली नसते, त्यामुळे पाकिटावर ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलेलं असू शकतं, पण एकूण साखरेच्या ओळीत तीन-चार ग्रॅम दिसतात. ओटच्या पेयासाठी मी तरी तीच ओळ धरते.

भाचीने शेवटी डॉक्टरांशी बोलून बिनसाखरेचं, कॅल्शियम घातलेलं सोया पेय आणलं आणि सकाळच्या खाण्यात नाचणीचं सत्त्व सुरू केलं. बदाम आता वाटत नाही. भिजवून, सोलून, तसेच मुलाच्या हातावर ठेवते.