डब्याचा खाडा आणि नवे दर

भिवंडीतील मासिक ग्राहकांसाठी एक तारखेपासून तीस दिवसांच्या डब्याचे २,७०० ऐवजी ३,००० रुपये होतील. तेल आणि गॅस महागल्याने नाइलाज आहे.

खाडा (आधी कळवून बंद ठेवलेला डबा) घेतला की दिवसाचे पूर्ण १०० रुपये वजा व्हावेत, असे अनेकांना वाटते. गावी गेल्यावर वीजबिल घटते, घरभाडे मात्र द्यावेच लागते. तसेच इथे आहे. शिधा आणि गॅसचे ६० रुपये वाचतात. पोळ्या करणाऱ्या मावशींचा पगार, जागेचे भाडे, डबा पोचवणे यांचे ४० वाचत नाहीत. म्हणून पाच खाड्यांचे ३०० रुपये वजा होतील.

भाजी रात्रीच चिरून ठेवतो, त्यामुळे खाडा आदल्या रात्री आठपर्यंत कळवावा. कारखान्यात पाळी बदलली तर खाडा नको, फक्त वेळ कळवा. डबा त्या वेळी येईल.