कॅथलॅबच्या दाराबाहेरची चार मिनिटं

अँजिओग्राफीची माहिती देणारे बरेच व्हिडिओ हृदयाच्या चित्रापासून सुरू होतात. आधी लाल रक्तवाहिन्या दिसतात, मग त्यांत साचलेली चरबी आणि शेवटी अडथळा. त्यात चूक काही नसतं. पण ज्यांच्या माणसाला तासाभरात कॅथलॅबमध्ये नेणार आहेत, त्यांच्या मनात वेगळेच प्रश्न असतात. पूर्ण भूल देणार का? छाती उघडणार का? किती वेळ लागेल? डॉक्टर मध्येच बाहेर आले तर काय समजायचं? माझ्या मते संहिता याच प्रश्नांच्या क्रमाने लिहावी. हृदयाचं चित्र नंतर आलं तरी चालतं.

लिहायला बसताना कागदाचे दोन रकाने करायचे: डावीकडे दृश्य, उजवीकडे निवेदन. शांतपणे बोललेलं मराठी मिनिटाला साधारण 100 ते 110 शब्दांच्या पुढे नेऊ नये. म्हणजे 4 मिनिटांच्या व्हिडिओला फार तर 400 ते 440 शब्द मिळतात, आणि त्यातही दोन-तीन ठिकाणी निवेदकाला थांबायला जागा सोडावी लागते. निवेदन पडद्यावर अक्षरांतही हवं, कारण प्रतीक्षाकक्षातल्या गोंगाटात आवाज ऐकू येईलच असं नाही.

पहिल्याच मिनिटात छातीची गोष्ट मिटवून टाकावी: "छातीवर कुठेही कापत नाहीत. मनगटाजवळची छोटी जागा इंजेक्शनने बधीर करतात आणि तिथून एक बारीक नळी हृदयाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत नेतात. पेशंट जागा असतो, डॉक्टरांशी बोलू शकतो." अनेक घरांत कुणा काकांची अँजिओग्राफी मांडीतून झालेली असते आणि त्यांना कित्येक तास पाय न हलवता पडून राहावं लागल्याची आठवण असते. मनगटातून हृदयाची अँजिओग्राफी करण्याचा मार्ग मॉन्ट्रियलच्या ल्युसिअन कॅम्पो यांनी 1989 मध्ये मांडला आणि पुढे तो रुळला. आजही काही पेशंटमध्ये मांडीचाच मार्ग घ्यावा लागतो. हेही एका वाक्यात सांगितलेलं असलं, की ऐनवेळी मार्ग बदलल्यावर घरचे घाबरत नाहीत.

यानंतर पेशंटला काय जाणवेल ते सांगायचं. जीन जॉन्सन या अमेरिकी परिचारिका-संशोधिकेने 1970 च्या दशकात दाखवून दिलं, की काय जाणवणार हे आधी नेमकं कळलं तर तीच वेदना कमी त्रासदायक वाटते. म्हणून "काही त्रास होत नाही" हे वाक्य संहितेत नको. त्याऐवजी लिहावं: "सुई टोचताना दुखेल. नळी पुढे जाताना हात ओढल्यासारखा वाटू शकतो. औषध सोडल्यावर काही सेकंद अंगात ऊब पसरते आणि मग ती जाते." असं ऐकून आत गेलेला माणूस ऊब जाणवली की घाबरत नाही, कारण ती येणार हे त्याला ठाऊक असतं.

धोक्याची माहिती शेवटी घाईघाईत उरकू नये. झटका, पक्षाघात किंवा मृत्यू असे गंभीर प्रकार 100 जणांत एकापेक्षाही कमी जणांना होतात, हे त्याच संथ आवाजात सांगावं. लगेच पुढे सांगावं: "औषधाची अ‍ॅलर्जी, किडनीचा त्रास किंवा मधुमेह असेल तर आत नेण्याआधीच सांगा. रोजच्या गोळ्या सोबत आणा. कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका."

बाहेर बसलेल्यांचा जीव सगळ्यात जास्त टांगणीला लावतं ते घड्याळ. प्रत्यक्ष तपासणी बहुतेक वेळा अर्ध्या तासात आटोपते, पण माणूस आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत तासाहून जास्त वेळ जाऊ शकतो. तयारीला वेळ लागतो, आधीची केस लांबते किंवा झटका आलेला पेशंट अचानक येतो आणि त्याला आधी घ्यावं लागतं. उशिराची ही साधी कारणं संहितेत असायलाच हवीत.

सगळ्यात अवघड भाग त्याच्या पुढचा. अडथळा दिसला की काही वेळा डॉक्टर बाहेर येऊन, त्याच वेळी अँजिओप्लास्टी करायची का, असं विचारतात. त्या क्षणी काय विचारायचं ते व्हिडिओने आधीच हातात द्यावं: आत्ताच करणं गरजेचं आहे का? थांबलो तर काय होईल? औषधं किंवा बायपास हा पर्याय आहे का? खर्च किती? झटका आलेला असेल तर मात्र विचाराला वेळ फार थोडा असतो. तेही स्पष्ट सांगावं.

कच्ची संहिता तयार झाली की ती वैद्यकाशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना ऐकवावी. "समजलं का?" असं विचारलं की सगळे मान डोलावतात. त्याऐवजी विचारावं, "आता गावाकडे फोन करून काय सांगाल?" समजा उत्तर आलं, "ब्लॉकेज निघालं की स्टेंट टाकणारच." मग संहिता पुन्हा बघायची. तिथे बहुधा "अडथळा आढळल्यास अँजिओप्लास्टी केली जाते" असं वाक्य सापडेल. ते काढून लिहायचं: "प्रत्येक अडथळ्याला स्टेंट लागत नाही. काहींना औषधं पुरतात, काहींना स्टेंट लागतो, काहींना बायपास. तुमच्या माणसाला काय लागेल, ते डॉक्टर फिल्म दाखवून सांगतील." मग तोच प्रश्न नव्या चार-पाच जणांना विचारायचा.