सूप चव घेत नाही

परदेशात नव्याने राहायला गेलेली एखादी मराठी आई शेजारणीला सांगते, ‘आय अ‍ॅम हॅविंग टू चिल्ड्रन.’ तिला सांगायचं असतं, मला दोन मुलं आहेत. शेजारणीच्या मनात मात्र क्षणभर येतं, हिला जुळं होणार की काय? कारण इंग्रजीत ‘आय हॅव अ बेबी’ म्हणजे मला बाळ आहे आणि ‘आय अ‍ॅम हॅविंग अ बेबी’ म्हणजे मला बाळ होणार आहे.

‘हॅव’, ‘थिंक’, ‘सी’, ‘टेस्ट’ ही क्रियापदं दोन कामं करतात. कधी ती नुसती स्थिती सांगतात, तर कधी कोणीतरी करत असलेली कृती. ‘आयएनजी’ लागतं ते कृतीला. स्थितीला सहसा लागत नाही. मराठीत हे बंधन नाही. ‘मला वाटतंय’, ‘मला दिसतंय’, ‘सूप खारट लागतंय’ असं आपण सहज बोलतो आणि तेच ‘य’ इंग्रजीत नेतो.

पण या चुकीवरचा उपायही मराठीतच आहे. इंग्रजी जिथे एका शब्दावर भागवते, तिथे आपल्याकडे बहुधा दोन क्रियापदं असतात. स्वयंपाकघरात बघा. सूप खारट लागतं आणि आई त्याची चव बघते. लागणं सूपचं, बघणं आईचं. म्हणून ‘द सूप टेस्ट्स सॉल्टी’, पण ‘मदर इज टेस्टिंग द सूप’. सूप काही स्वतः चव घेत नाही.

‘थिंक’चंही तसंच. ‘मला वाटतं, भाव जास्त आहे’ हे मत झालं, म्हणून ‘आय थिंक’. ‘मी घर विकायचा विचार करतोय’ यात विचार अजून चालू आहे, म्हणून ‘आय अ‍ॅम थिंकिंग ऑफ सेलिंग द हाउस’. ‘मला पाटी दिसतेय’ याला ‘आय कॅन सी द साइन’ किंवा ‘आय सी द साइन’. पण उद्या डॉक्टरांना भेटायचं ठरलं असेल, तर ‘आय अ‍ॅम सीइंग द डॉक्टर टुमॉरो’. इथे ‘सी’चा अर्थ दिसणं नसून भेटणं आहे.

थोडक्यात, बोलण्याआधी वाक्य मनात मराठीत म्हणून बघावं. ‘मला वाटतं, दिसतं, आहे’ असं आलं, तर ‘आयएनजी’ टाळावं. ‘मी विचार करतोय, चव बघतोय, जेवतोय’ असं आलं, तर ते लावावं. ‘मी जेवतोय’ म्हणजे ‘आय अ‍ॅम हॅविंग लंच’.

ही कसोटी सगळीकडे मात्र चालत नाही. ‘मला श्वास घ्यायला त्रास होतोय’ यात ‘मला’ असूनही इंग्रजीत ‘आय अ‍ॅम हॅविंग ट्रबल ब्रीदिंग’ असंच म्हणतात. अशा वेळी ‘होतंय’ आणि ‘आहे’ यांतला फरक बघावा. त्रास आत्ता होतोय, मुलं मात्र आहेत.