वाक्याच्या शेवटचा ‘नाही’ ऐकू यावा म्हणून

निवेदनाखाली संगीत किती ठेवायचं हे ज्याच्या हातात असतं, त्याच्याच कानांवर या बाबतीत विसंबून राहता येत नाही. त्याने संहिता वाचलेली असते, ध्वनिमुद्रण ऐकलेलं असतं, संकलन करताना तेच वाक्य पुन्हा पुन्हा कानांवरून गेलेलं असतं. त्यामुळे संगीतात एखादं अक्षर बुडालं तरी त्याचा मेंदू ते आपसूक भरून काढतो आणि त्याला वाटतं, सगळं स्वच्छ ऐकू येतंय. प्रेक्षक मात्र ते वाक्य पहिल्यांदा आणि बहुधा एकदाच ऐकणार असतो.

ही चूक मोठमोठ्या संस्थांकडूनही होते. मार्च २०११ मध्ये बीबीसीवर ब्रायन कॉक्स यांची ‘वंडर्स ऑफ द युनिव्हर्स’ ही विज्ञानमालिका सुरू झाली. पार्श्वसंगीतामुळे बोलणं कळत नाही, अशा तक्रारी प्रेक्षकांनी केल्या आणि पुढच्या भागांत संगीताची पातळी खाली आणावी लागली. कॉक्स यांना मालिकेचा अनुभव चित्रपटासारखा भव्य हवा होता. भव्यता आणि स्पष्टता यांचा मेळ घालता येतो, पण तो नुसत्या अंदाजावर सोडून चालत नाही. त्यासाठी थोडी मोजणी लागते आणि ती घरच्या संगणकावरही करता येते.

बुडतं ते नेमकं काय?

बोलण्यातली बरीचशी ऊर्जा स्वरांत असते आणि ती साधारण एक हजार हर्ट्झच्या खाली एकवटलेली असते. शब्दांची ओळख पटवतात ती मुख्यतः व्यंजनं. त्यांचे बारकावे दोन हजार हर्ट्झ आणि त्याहून वरच्या पट्ट्यात असतात, शिवाय ती क्षणिक आणि क्षीण असतात. मराठीत तर ‘कडा’ आणि ‘खडा’, ‘पळ’ आणि ‘फळ’ यांतला फरक हा श्वासाच्या एका झुळकेएवढाच. संगीत वाढलं की ही झुळूक सगळ्यांत आधी नाहीशी होते. निवेदकाचा आवाज येत राहतो, पण शब्द कळेनासे होतात. म्हणूनच ‘आवाज तर ऐकू येतोय’ ही कसोटी पुरेशी नाही.

कानाचा एक गुणधर्म इथे अडचण वाढवतो. जोरदार खालचे स्वर वरचे स्वर सहज झाकतात, उलट मात्र तितकं होत नाही. त्यामुळे ढोल किंवा सिंथेसायझरचा खर्ज जोरात असला तर तो निवेदनाच्या पट्ट्यापासून दूर असूनही व्यंजनांवर सावली टाकू शकतो. वय वाढतं तशी वरच्या पट्ट्यातली श्रवणशक्ती आधी कमी होते. म्हणजे जे मिक्स तिशीतल्या माणसाला ठीक वाटतं, तेच त्याच्या आईवडिलांना अवघड जातं.

खरा आकडा अंतराचा

‘संगीत हळू ठेवा’ या सल्ल्याला अर्थ नाही, कारण हळू हे कशाच्या तुलनेत, ते त्यात सांगितलेलं नाही. ठरवायचं असतं ते निवेदन आणि संगीत यांतलं अंतर. वेबवरच्या मजकुराच्या सुलभतेसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वांच्या सर्वांत कडक पातळीवर एक स्पष्ट आकडा दिलेला आहे: पार्श्वध्वनी बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबलने खाली असावा. वीस डेसिबल म्हणजे शक्तीच्या हिशेबात शंभरावा भाग, पण कानाला मात्र तो साधारण चारपट हळू वाटतो. संगीत नाहीसं होत नाही. ते असल्याचं जाणवतं आणि भाव पोचवतं. हे अंतर दहा-बारापर्यंत आणलं, तर तरण्या कानांना शांत खोलीत चालून जातं. प्रवासात, पंख्याखाली किंवा वयस्क कानांसाठी ते अपुरं पडतं.

लाउडनेसचं लक्ष्य काय सांगतं, काय सांगत नाही

हे अंतर मोजण्यासाठी शिखर दाखवणारा जुना मीटर उपयोगाचा नाही. टाळीचं शिखर उंच असतं, पण ती क्षणभरच असते. सनईचं शिखर त्याहून खाली असूनही ती कानाला मोठी वाटते. म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये कानाच्या संवेदनशीलतेला अनुसरून मोजणारी एक पद्धत प्रमाणित केली. तिचं एकक एलयूएफएस. आकडे उणे असतात आणि शून्याजवळ जाऊ तसा आवाज मोठा. पुढे या मोजणीत अशीही सोय झाली की शांत विराम सरासरीतून वगळले जातात, त्यामुळे सावकाश बोलणाऱ्याचा आकडा उगाच खाली येत नाही.

याच एककात निरनिराळी लक्ष्यं ठरली. युरोपातल्या प्रसारकांनी २०१० मध्ये उणे २३ ठरवलं. अ‍ॅपल पॉडकास्ट उणे १६ च्या आसपास ठेवायला सांगतं. यूट्यूब साधारण उणे १४ पेक्षा मोठा कार्यक्रम खाली आणतं, पण लहान असलेला वर उचलत नाही.

इथेच अनेकांची गल्लत होते. पूर्ण मिक्स लक्ष्यावर बसलं म्हणजे निवेदन स्पष्ट झालं, असं नसतं. निवेदन उणे १७ आणि संगीतही उणे १७ असेल, तर दोन्ही मिळून साधारण उणे १४ भरतात. मीटर समाधानी, पण शब्द कळत नाहीत. याउलट संगीत वीस डेसिबल खाली असेल, तर त्याने एकूण आकड्यात डेसिबलच्या विसाव्या हिश्श्याएवढीही भर पडत नाही. म्हणजे एकूण लाउडनेसला संगीत-निवेदनातलं अंतर दिसतच नाही. नेटफ्लिक्स संपूर्ण मिक्सऐवजी संवादांची पातळी मोजून ती उणे २७ वर ठेवायला सांगतं, तेव्हा मापाचा पाया बोलण्यावर राहतो. आपणही आधी निवेदन मोजावं, मग त्याखाली संगीत बसवावं आणि एकूण आकडा सर्वांत शेवटी पाहावा.

एक उदाहरण, पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा, एका किल्ल्यावरचा नऊ मिनिटांचा माहितीपट आहे: एक निवेदन आणि खाली बासरी व तंतुवाद्यांचं तयार संगीत. ऑडॅसिटी ही मोफत प्रणाली या कामाला पुरते.

पहिलं काम निवेदनाचं. ऐंशी हर्ट्झच्या खालची घरघर काढायची. मग कम्प्रेसरने मोठे आणि हळू उच्चार थोडे जवळ आणायचे, नाहीतर संगीत सरासरी वाक्याखाली बरोबर बसतं आणि हळू वाक्य बुडतं. त्यानंतर `Loudness Normalization` ने निवेदन उणे १६ वर आणायचं. निवेदन मोनो ट्रॅकवर असेल, तर मोनोला दुहेरी मोनो मानण्याची खूण चालू आहे ना ते पाहावं. ती नसेल तर मोजणीत तीन डेसिबलचा फरक पडतो.

दुसरं काम संगीताचं. तयार संगीत बहुधा खूप जोरात असतं. तेही त्याच साधनाने उणे २४ वर आणायचं. निवेदन नसताना, नुसती दृश्यं दिसत असताना, ते याच पातळीवर वाजेल.

तिसरं काम डकिंगचं, म्हणजे निवेदक बोलू लागला की संगीताने आपोआप खाली जाण्याचं. संगीताच्या ट्रॅकच्या लगेच खाली निवेदनाचा ट्रॅक ठेवायचा, संगीत निवडायचं आणि `Auto Duck` उघडायचं. `Duck amount` उणे १२ ठेवलं की बोलण्याखालचं संगीत उणे ३६ वर येतं, आणि निवेदन उणे १६ वर असल्यामुळे अंतर बरोबर वीस भरतं.

संगीत कधी खाली जावं, कधी वर यावं

पातळी जमली तरी वेळ चुकली तर कान खटकतो. साइडचेन कम्प्रेसर वापरून डकिंग केलं, तर तो आवाज आल्यावरच हलतो, त्यामुळे पहिलं व्यंजन संगीताखाली सापडतं. `Auto Duck` ला पुढचं निवेदन आधीच माहीत असल्याने ते बोलण्याआधीच संगीत उतरवू लागतं. उतरायला अर्धा सेकंद पुरतो. साइडचेनच वापरायचा असेल, तर निवेदनाची एक प्रत पाव सेकंद अलीकडे सरकवून ती फक्त डकिंगला इशारा देण्यासाठी वापरावी आणि ती प्रत मिक्समध्ये ऐकू येणार नाही याची काळजी घ्यावी.

वर येण्यात घाई नको. दोन वाक्यांमध्ये निवेदक सेकंदभर थांबतो. तेवढ्यात संगीत उसळलं आणि पुन्हा दबलं, तर प्रत्येक पूर्णविरामाला ते धापा टाकतंय असं वाटतं. म्हणून `Maximum pause` तीन सेकंद ठेवावं: त्याहून लहान विरामात संगीत खालीच राहील. खरा मोकळा प्रसंग आला की वर यायला त्याला एक-सव्वा सेकंद द्यावा.

मराठीत आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवं. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि नकारही तिथेच. बोलताना श्वास संपत येतो आणि आवाज उतरतो तोही तिथेच. ‘या टाक्यात उन्हाळ्यातही पाणी आटत नाही’ यातला शेवटचा शब्द निवेदक सर्वांत हळू म्हणतो. परिच्छेदाच्या शेवटी असं वाक्य आलं आणि डकिंगचा उंबरठा वर असला, तर प्रणालीला वाटतं की बोलणं संपलं. ती संगीत उचलू लागते आणि ‘नाही’ त्याखाली जातो. प्रेक्षकाच्या कानी पडतं ते नेमकं उलट. यासाठी `Threshold` उणे ३० वर न ठेवता उणे ४० पर्यंत खाली न्यावा आणि परिच्छेदांचे शेवट वेगळे ऐकावेत. उंबरठा फार खाली नेला तर श्वास आणि पंख्याची घरघरही बोलणं समजली जाते आणि संगीत वर येतच नाही. शांत खोलीतलं ध्वनिमुद्रण असेल तर उणे ४० ला दोन्ही टोकं सांभाळली जातात.

अंतर पुरलं नाही तर

वीस डेसिबलनंतरही शब्द निसटत असतील, तर दोष बहुधा संगीताच्या निवडीत असतो. बासरी, सारंगी, व्हायोलिन ही वाद्यं गळ्याच्या पट्ट्यातच गातात आणि सुटी धून लक्ष ओढून घेते. इक्वलायझरने संगीतातला दोन ते चार हजार हर्ट्झचा भाग तीन-चार डेसिबल उतरवला तर व्यंजनांना वाट मिळते, पण ठळक धून याने मागे सरत नाही. अशा वेळी तानपुरा किंवा लांबवलेले सूर असलेला तुकडा निवेदनाखाली घ्यावा आणि धून मोकळ्या प्रसंगासाठी राखावी. मराठी शब्दांचं गाणं मराठी निवेदनाखाली कधीच घेऊ नये. ते कितीही हळू असलं तरी ऐकणारा दोन वाक्यं एकदम उलगडू पाहतो.

नंतर पूर्ण मिक्स एकत्र करून उणे १६ वर आणावं. मधल्या संगीतामुळे आकडा थोडा सरकला असेल, पण ही दुरुस्ती दोघांना सारखीच उचलते, अंतर बदलत नाही. शिखरं उणे १ च्या वर जाऊ नयेत म्हणून लिमिटर उणे दोनवर लावावा, कारण एमपी३ किंवा एएसी करताना शिखरं थोडी वाढतात.

उरते ती चाचणी, आणि ती मोबाइलच्या स्पीकरवर, कमी आवाजात करावी. तिथे संगीताचा खर्ज गायब होतो, बहुतेक वेळा स्टीरिओचा पसाराही आकसतो आणि उरलेलं संगीत थेट बोलण्यावर येऊन बसतं. ऐकायला संहिता न वाचलेली, शक्यतो साठीच्या पुढची व्यक्ती बसवावी. ‘आवडलं का?’ असं तिला विचारू नये. तिने ऐकलेली नावं, साल आणि नकारार्थी वाक्यं कागदावर लिहावीत. एकोणसाठचं एकोणसत्तर झालं किंवा एखादा ‘नाही’ गळला, की त्या जागी संगीत आणखी तीन डेसिबल उतरवावं किंवा तो तुकडाच काढून टाकावा. निवेदन एकटं तिथे बिनधास्त उभं राहू शकतं.